चार कॉलमी फाउल

सोमवारी सकाळी आईने पेपर माझ्या पोह्यांच्या ताटलीशेजारी उघडून ठेवला आणि पदराने डोळे टिपायला लागली. मी घाबरले. घरात पेपर वाचून डोळे टिपायची पद्धत फक्त निधनवार्तांच्या पानापुरती आहे.

निधन झालं नव्हतं. माझा फोटो आला होता. चांगला चार कॉलमी, रंगीत, क्रीडा पानाच्या डोक्यावर. गोळा हातातून सुटलाय, तोंड वाकडं झालंय, मान ताणलेली, आणि मी बसायच्या सीटपासून चांगली वर उचललेली. खाली लिहिलं होतं : ‘खुर्चीची बंधने झुगारून आकाशाकडे झेप!’

आता इथे थोडं समजावून सांगायला हवं, नाहीतर मी पोहे का टाकून उठले ते कळणार नाही. मी गोळाफेक करते, बसून. आमच्या गटाला एफ-५७ म्हणतात. जमिनीला पट्ट्यांनी घट्ट बांधलेली एक लोखंडी फ्रेम असते, तिच्या सीटवर बसून गोळा फेकायचा. फेकताना बूड सीटवरून सुटलं की संपलं. शेजारी पंच डोळ्यांत तेल घालून तेवढंच बघत बसलेले असतात. सुटलं की लाल झेंडा, फेक बाद. म्हणजे राज्य स्पर्धेत माझ्या हातून झालेला सगळ्यात ढळढळीत फाउल या लोकांनी निवडला, रंगीत केला आणि सगळ्या जिल्ह्यात घरोघर पाठवला. सीट आणि मी यांच्यामधून पलीकडचा मांडवसुद्धा दिसत होता.

माझ्या पायाला काय झालं ते या लिखाणात येणार नाही. ज्यांना त्याशिवाय पुढे वाचवत नाही त्यांनी नाशिकरोडला येऊन माझ्या आईला भेटावं. ती चहासकट सांगते.

फोटोवर मथळा होता : ‘नियतीने पाय हिरावले, तिने आभाळ कवेत घेतले.’ माझे दोन्ही पाय जागेवर आहेत. त्यातला एक जरा त्याच्या मर्जीने चालतो, पण हिरावून कोणी नेलेला नाही. पुढे बातमी. ‘अपंगत्वाने ग्रासलेल्या’ इथून सुरुवात. मग ‘नियतीने खुर्चीला जखडलेल्या’. मला ज्या पट्ट्यांनी जखडलं होतं त्या मी स्वतः भद्रकालीच्या बाजारातून पसंत करून आणल्या होत्या, आणि आमच्या प्रशिक्षक सरांना ‘अजून आवळा, अजून आवळा’ म्हणून मीच ओरडत होते. नियतीचा हातसुद्धा लागला नव्हता. मग माझं बालपण, मग आईचे कष्ट, मग एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली माझी नोकरी, जी ‘तरीही’ मी करते. शेवटी : ‘पदक हुकले, पण या रणरागिणीने उपस्थितांची मने जिंकली.’

मी चौथी आले होते. पहिली फेक बरी पडली, नंतर मला हाव सुटली, आणि हाव सुटली की माझी सीट सुटते. बातमीत माझं अंतर नव्हतं, फाउल नव्हते, चौथा क्रमांक नव्हता. गोळा किती जड असतो आणि कुठे पडला यातलं काहीच नव्हतं. गोळा हा शब्द एकदाच आला होता, तोही आईच्या पोटात उठलेला.

“किती छान लिहिलंय गं,” आई म्हणाली. “मला तर वाचवेना.”

“मलाही वाचवेना,” मी म्हणाले.

त्याच पानावर खालच्या कोपऱ्यात आपल्या जिल्ह्याच्या मुलींचा कबड्डीचा संघ हरल्याची बातमी होती. ‘ढिसाळ बचाव, बेजबाबदार चढाया, पराभव ओढवून घेतला.’ काय सुंदर बातमी होती! कोणी कुठे माती खाल्ली ते नावानिशी. खरं सांगते, मला त्या मुलींचा हेवा वाटला. हरल्यावर शिव्या खायचा त्यांचा हक्क कोणी काढून घेतला नव्हता.

तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन आले. हातात पेपर, मागे दोन काका. येत्या रविवारी माझा सत्कार ठरला होता. मला न विचारता, अर्थात. शाल, श्रीफळ आणि गेटवर फ्लेक्स. फोटो हाच.

“काका, मी चौथी आले.”

“तो तुझा नम्रपणा,” चेअरमन म्हणाले.

मी चिडून काही बोलणार, तर फोन वाजला. इगतपुरीची मुलगी. ही आमच्याच गटातली, वर्षभरापूर्वी गोळा हातात धरला आणि काल पहिली आली. पहिलं सुवर्ण, तेही असं की माझी सगळ्यात लांब फेक तिच्या पहिल्याच फेकीच्या अलीकडे पडली. मुंबई-नाशिक गाड्यांच्या वेळा तिला पाठ, कारण सरावाला ती गाडीनेच इकडे नाशिकला येते. वडील रेल्वेत.

“ताई,” ती म्हणाली, “मी पहिली आले व्हते ना?”

“म्हणजे काय? तुझ्या गळ्यात मेडल आहे ना?”

“हाय. पण बाबा म्हणत्यात, मेडल तर दुकानातबी भेटतं. पेपरात कुठंय? सकाळी इस्टेशनावर जाऊन पेपर आणला त्यांनी. त्यात तुमीच हाय नुसत्या.”

मी पुन्हा बातमी वाचली. खरंच, ती कुठेच नव्हती. ‘इतर स्पर्धकांनीही सहभाग नोंदवला’ एवढ्या वाक्यात तिचं सुवर्ण कोंबलेलं होतं.

मग तिने सांगितलं ते असं. स्पर्धा संपल्यावर वार्ताहर तिच्याकडेही गेला होता. पायाला काय झालं, घरी परिस्थिती कशी, रात्री रडू येतं का, असं विचारलं. ती म्हणाली, जन्मापासून असंच हाय, घरी बरं हाय, रडू कशाला येईल? तुमी गोळ्याचं इचारा ना. तो हसला आणि माझ्याकडे आला. आणि मी नको म्हणाल्यावर माझ्या आईकडे गेला. आई मोकळीच होती.

“बाबा आता राष्ट्रीयला पाठवत नाय म्हणत्यात,” ती म्हणाली. “लय लांब हाय ना ते. म्हणले, खरंच जितली असती तर पेपरवाल्यांना दिसलं नसतं का? आन संघटनेला नावं तर याच आठवड्यात कळवायचीत.”

आत्तापर्यंत मला राग आला होता तो माझ्यासाठी. तो राग मी दुपारच्या डब्यापर्यंत पचवला असता, सवय आहे. पण हे ऐकून माझं डोकंच फिरलं. माझ्या फाउलने तिचं सुवर्ण खाल्लं होतं. ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली, स्कूटर काढली आणि पेपरच्या कचेरीपुढे जाऊन उभी राहिले.

कचेरी दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टवर कागद चिकटवलेला : ‘बंद आहे’. कागद जुना होता, कडा पिवळ्या पडल्या होत्या. रोज कुणा ना कुणाच्या जिद्दीला सलाम करणारी माणसं वर बसली होती आणि लिफ्ट बंद होती. मला जिने चढता येतात. पण मी चढले असते तर त्यांनी तेही छापलं असतं. म्हणून मी खाली चहाच्या टपरीवर बसले आणि फोन केला, “तुमची रणरागिणी खाली आली आहे. लिहिणारा आणि छापणारा, दोघांनी उतरून यावं.”

दोघेही आले. वार्ताहर तिशीतला, गळ्यात बॅग, मला बघून हात जोडत. त्याला वाटलं मी आभार मानायला आले. मागून क्रीडा पानाचे संपादक, पोट सुटलेले, कधीकाळी क्लब क्रिकेट खेळलेले, आणि ते विसरू न देणारे.

“ताई, वाचली का? वेबसाइटवर तर नुसता पाऊस पडतोय, लोक रडतायत अक्षरशः!” वार्ताहर म्हणाला.

मी पेपर टपरीच्या बाकड्यावर पसरला. “हे काय आहे?”

“तुमची झेप.”

“हा फाउल आहे.”

मग मी त्यांना सीटचा नियम सांगितला. लाल झेंडाही फोटोतच होता, कोपऱ्यात, पंचांच्या हातात अर्धा वर आलेला. संपादकांनी चष्मा वर सरकवून तो बघितला. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. क्रिकेटवाल्याला दुसरं काही कळो न कळो, पंचाचा हात कळतो.

“म्हणजे आपण...” ते वार्ताहराकडे वळले, “नो बॉलवरचा छक्का छापला?”

“नो बॉलवर छक्का मिळतो, साहेब,” मी म्हणाले. “तुम्ही दांडी गुल झालेल्या माणसाचा फोटो ‘स्टंपची बंधने झुगारली’ म्हणून छापलाय.”

टपरीवाला खो-खो हसला. संपादकांनी त्याला कटिंग सांगून गप्प केलं.

वार्ताहर मात्र दुखावला. माणूस वाईट नव्हता, हे मला मान्य करावं लागेल. मनापासून लिहिलं होतं त्याने. “ताई, आम्ही तर तुमचं कौतुकच केलं ना? दिव्यांग भगिनी म्हणून आदराने...”

“भगिनी रक्षाबंधनाला. बातमीत खेळाडू.”

“मग दिव्यांग तरी म्हणायचं की नाही? अपंग म्हटलं तर लोक चिडतात.”

“ज्याच्याबद्दल लिहिताय त्याला विचारा, तो म्हणेल ते लिहा. मला दोन्हींनी ताप येत नाही. पण मथळ्यात कशाला? स्पर्धा पॅरा ॲथलेटिक्सची, मी पॅरा खेळाडू, गट एफ-५७. गट लिहिलात की झालं, कोण कुणाबरोबर खेळलं ते त्यातच आलं. आणि ‘ग्रासलेली’ काय? मी काय पानांना कीड लागलेली द्राक्षवेल आहे?”

संपादकांनी पेन काढलं आणि ‘ग्रासलेल्या’वर रेघ मारली. मग सवयीने पुढे वाचत गेले, आणि खरी मजा तिथून सुरू झाली. मी त्यांना एकच युक्ती सांगितली. प्रत्येक वाक्य घ्यायचं आणि खालच्या कोपऱ्यातल्या कबड्डीच्या कर्णधार मुलीला लावून बघायचं. तिच्याबद्दल हे लिहाल? लिहाल तर माझ्याबद्दलही लिहा.

“‘शरीराच्या मर्यादांवर मात करत’,” संपादकांनी मोठ्याने वाचलं. “कबड्डीची कर्णधार, शरीराच्या मर्यादांवर मात करत... नाही लिहिणार.” रेघ. “‘तरीही ती नोकरी करते.’ कबड्डीची कर्णधार, तरीही ती बी.कॉम. करते.” रेघ. “‘सर्वसामान्य खेळाडूंनाही लाजवेल अशी...’”

“मी सर्वसामान्य नाही का? आणि त्यांना लाजवून मला काय मिळणार? ते वेगळ्या स्पर्धेत खेळतात,” मी म्हणाले.

“‘तिच्या डोळ्यांत अश्रू होते...’” संपादक थांबले. “हे तर चालेल? हरल्यावर रडतात की कबड्डीवाल्यापण.”

“चालेल. पण माझ्या डोळ्यांत अश्रू नव्हते. खडूची भुकटी गेली होती.”

होता होता सगळी बातमी रेघांखाली गेली आणि शेवटी उरलं काय, तर माझं नाव, एकलहरे आणि ‘रविवारी’. वार्ताहर त्या कागदाकडे बघत राहिला. “मग लिहायचं काय?” तो म्हणाला. खोचकपणे नाही, खरंच त्याला प्रश्न पडला होता.

“जे बाकीच्यांचं लिहिता ते. कोण जिंकलं, कितीने, कसं. कोण हरलं, का. मी वाईट फेकली हे लिहा.”

“अहो, लोक शिव्या घालतील आम्हाला!” संपादक दचकले. “दिव्यांग मुलीला असं लिहिलं म्हणून!”

“कबड्डीला बेजबाबदार म्हणालात तेव्हा कुणी घातल्या?”

वार्ताहराने बॅगेतून पॅड काढलं आणि विचारलं, “मग सीट का सुटली?”

इतक्या वर्षांत मला किती जणांनी मुलाखत घेताना प्रश्न विचारले असतील. पायाबद्दल, देवाबद्दल, लग्नाबद्दल. सीट का सुटली, असं कुणी विचारलं नव्हतं. हाच प्रश्न हवा होता मला. आणि तो समोर आल्यावर काय झालं सांगू? मला त्याचा भयंकर राग आला.

“वारा होता,” मी म्हणाले.

“गोळ्याला?” संपादक म्हणाले.

“पट्टी सैल होती.”

“तुम्हीच आवळून घेतली म्हणालात ना मघाशी?” वार्ताहर म्हणाला. चांगला तयार झाला होता पाच मिनिटांत. मग मी चहाचा घोट घेतला आणि सांगून टाकलं. ती मुलगी पहिल्याच फेकीत पुढे गेली, ते बघून मी बिथरले. खांद्याने फेकायचं सोडून सगळं अंग झोकून दिलं. सर ओरडत होते, बस, बस. मी ऐकलं नाही. एकामागून एक फाउल.

तो लिहून घेत होता. मला बरं वाटत होतं.

“आता जिंकली तिला लावा फोन,” मी म्हणाले आणि नंबर दिला. कशासाठी ते सांगितलं : वडील, पेपर, राष्ट्रीय स्पर्धा, नावं याच आठवड्यात जायची आहेत. वार्ताहराचं तोंड बघण्यासारखं झालं. त्याने स्पीकर लावला.

“ताई, काल मी आलो होतो,” तो तिला म्हणाला, “माझं विचारायचं राहिलं. गोळ्याचं सांगा.”

मग पलीकडून जे सुरू झालं! गोळा मानेला कसा लावते, बोटं किती फाकवते, पावसात हात ओला झाला की कशाला पुसते, आणि इगतपुरीत कोरडा हात कधीच नसतो त्यामुळे नाशिकच्या कोरड्या हवेत गोळा हातातून आपोआपच सटकन जातो, हे तिचं स्वतःचं शास्त्र. पहिली फेक मुद्दाम जपून टाकली, मोजणी व्हायलाच पाहिजे म्हणून. मग मोकळी सोडली. “त्या ताई घाई करत्यात,” ती म्हणाली. “म्हणून त्यांचं बूड सुटतं. मी सरावात बघितलं व्हतं, म्हणून मी नाय केली घाई.”

“ताई इथेच बसल्यात,” संपादक म्हणाले.

“अगं बाई!” आणि फोन बंद.

संपादकांनी छायाचित्रकाराला वरून बोलावून घेतलं. त्याच्याकडे तिचे फोटो होते, पण एकात ती कुबडीवर हनुवटी टेकून सूर्याकडे बघत होती, कारण त्यानेच तिला तसं बसवलं होतं. दुसऱ्यात फक्त बूट. खूप मागे जाऊन एक सापडला : गोळा नुकताच सुटलाय, कोपर सरळ, डोळे गोळ्यावर, आणि सीटवर अशी घट्ट बसलेली की फ्रेमला चिकटवल्यासारखी. मी तो बघितला आणि माझ्या पोटात दुखलं. फेक अशी असते.

“कधी येणार?” मी विचारलं.

“उद्या,” संपादक म्हणाले. “आणि ताई, लिफ्टचं...”

“ते छापू नका. दुरुस्त करा.”

मंगळवारी सकाळी मी आईच्या आधी पेपर उचलला. वर चार कॉलमात ती. मथळा : ‘गोळाफेकीत इगतपुरीला सुवर्ण’. खाली गट, तिचं अंतर सेंटिमीटरपर्यंत, दुसरी कोण, तिसरी कोण, पहिली फेक जपून टाकायचा तिचा बेत. सोमवारच्या अंकातलं छायाचित्र बाद फेकीचं होतं, निकालही द्यायचा राहून गेला, त्याबद्दल दिलगिरी, दोन सरळ ओळींत. आणि शेवटी माझा परिच्छेद : ‘अनुभवी खेळाडूकडून अपेक्षा होत्या, मात्र दडपणाखाली तंत्र कोलमडले. पहिली फेक वगळता सर्व फेकी बाद ठरल्या. तयारी कमी पडल्याचे स्पष्ट दिसले.’

तयारी कमी? कोण म्हणतं तयारी कमी? त्याला काय माहीत, मी पहाटे उठून... मी फोन हातात घेतला होता, नंबर लावला होता. आई दारात उभी राहून बघत होती.

“काय झालं? काय लिहिलंय?”

“वाट्टेल ते लिहिलंय!” मी ओरडले आणि मग माझंच मला हसू फुटलं. मी फोन ठेवला. आईने बातमी वाचली, दोनदा वाचली, आणि तिचा संताप अनावर झाला. “त्या मेल्याला चहा पाजला होता मी, बोलावच त्याला घरी!” चेअरमन जिन्यातच भेटले आणि मान खाली घालून गेले. सत्कार आपोआप बारगळला. फ्लेक्स छापून झाला होता, तो आता माझ्या स्कूटरवर पावसापासून झाकण म्हणून असतो. फाउल आतल्या बाजूला.

दुपारी एकलहऱ्याला डबा खात होते तेव्हा इगतपुरीहून फोन आला.

“ताई, तुमच्याबद्दल लय वाईट लिव्हलंय ओ,” ती आधी म्हणाली. बिचारी खरंच हळहळत होती.

“बरोबर लिहिलंय. तुझं सांग. बाबांनी वाचलं?”

“वाचलं. आधी मनात, मग मोठ्यानं. मग म्हणले, यात तुझ्या पायाचं कायच नाय? मी म्हणलं, नाय. मग आईला वाचून दाखवलं. मग परत म्हणले, पायाचं खरंच कायच नाय लिव्हलं? मी म्हणलं, नाय ओ बाबा. मग उठले, बॅग कुठंय म्हणले माळ्यावरची, राष्ट्रीयला लागंल.”

“असे एकदम कसे तयार झाले?”

“तेच इचारलं मी. तर म्हणले, पायाचं लिहायला जागाच उरली नाय, म्हंजी गोळा बराच लांब गेला असंल.”